फितूर साक्षीदाराकडून काय मिळवायचं?

विधी महाविद्यालयाच्या पुरावा कायद्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एक प्रसंग हमखास येतो. विद्यार्थी सरकारी वकील असतो. त्यानंच बोलावलेला साक्षीदार पोलिसांना एक सांगून आलेला असतो आणि पिंजऱ्यात उभा राहिल्यावर दुसरंच सांगतो. आता विद्यार्थ्यानं त्याचा उलटतपास घ्यायचा. बहुतेक जण इथे आवाज चढवतात, जबाबाचा कागद साक्षीदारापुढे नाचवतात आणि "खोटं का बोलता?" असं विचारतात. साक्षीदार शांतपणे "मी खरं तेच सांगतोय" म्हणतो आणि परीक्षा तिथेच निम्मी संपते.

अशा उलटतपासात साक्षीदाराकडून कबुली मिळत नाही आणि ती मिळावी अशी परीक्षकाचीही अपेक्षा नसते. त्याच्या साक्षीतला वापरता येईल असा भाग आधी वेगळा काढून घ्यायचा आणि उरलेल्या भागावर न्यायालयानं विश्वास का ठेवू नये, हे नोंदीवर आणायचं, एवढंच काम असतं. त्यासाठी क्रम महत्त्वाचा. तो एका काल्पनिक प्रकरणावर पाहू.

प्रकरण

तालुक्याच्या गावातला बाजाराचा दिवस. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भाजी व्यापारी आणि टेम्पोचालक यांच्यात भाड्याच्या पैशांवरून भांडण झालं. व्यापाऱ्याच्या डाव्या हातावर कोयत्याचा वार बसला आणि हाड मोडलं. टेम्पोचालक आरोपी आहे. आरोप भारतीय न्याय संहितेच्या कलम 118(2) खाली, म्हणजे घातक हत्यारानं गंभीर दुखापत केल्याचा. जखमी व्यापारी फिर्यादी आहे आणि त्याची साक्ष आधीच झाली आहे. आपला साक्षीदार समोरचा चहा टपरीवाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांनी नोंदवलेल्या त्याच्या जबाबात हे वाक्य आहे: "आरोपीने टेम्पोतून कोयता काढून व्यापाऱ्याच्या डाव्या हातावर मारला, हे मी टपरीतून पाहिले."

सरतपासात मात्र तो सांगतो, "मी पाठमोरा उभा राहून चहा करत होतो. आरडाओरडा ऐकून वळलो तेव्हा माणसं गोळा झाली होती. रस्त्यावरचे दिवे गेले होते. कोणी मारलं, मला माहीत नाही."

परवानगी

आपणच बोलावलेल्या साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारता येत नाहीत, निदान महत्त्वाच्या मुद्द्यांवर तरी नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 154 मधली ही तरतूद 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 157 मध्ये आली आहे. परवानगी द्यायची की नाही हे न्यायालय ठरवतं.

विद्यार्थ्यांची पहिली चूक इथे होते. साक्षीदारानं "नीट आठवत नाही" म्हटलं की ते लगेच परवानगी मागतात. विसरणं म्हणजे उलटणं नव्हे. आणि साक्षीदार खरोखर उलटला असेल, तर तसं नोंदीत दिसलं पाहिजे. म्हणून आधी दोन-तीन साधे, खुले प्रश्न विचारायचे: तुम्ही काय पाहिलं, व्यापाऱ्याला जखम कशी झाली, त्या वेळी आरोपी काय करत होता. उत्तरं जबाबाच्या उलट आली की उभं राहून सांगायचं, "साक्षीदार पोलिसांसमोरील कथनापासून महत्त्वाच्या बाबीवर दूर जात आहे. उलटतपासात विचारता येतील असे प्रश्न विचारण्याची परवानगी मिळावी." एवढं पुरतं. साक्षीदाराला आमिष मिळालं आहे, त्याला धमकावलं आहे, असं भाषण या टप्प्यावर करायचं नाही. त्याला अजून काहीच आधार नसतो.

पहिला भाग: जबाबाचा कागद बंद ठेवून

परवानगी मिळाली की हात जबाबाकडे जातो. तो आवरायचा. साक्षीदार अजून बऱ्याच गोष्टी मान्य करायला तयार असतो. एकदा त्याला खोटारडा ठरवायला सुरुवात केली की तो सगळ्यालाच नाही म्हणू लागतो. म्हणून मान्य होण्यासारख्या गोष्टी आधी घ्यायच्या, तेही छोट्या, एका वाक्यात एकच गोष्ट असलेल्या सूचक प्रश्नांनी.

"तुमची टपरी बाजाराच्या रस्त्याला लागून आहे?"
"हो."
"त्या दिवशी संध्याकाळी साडेसातला ती उघडी होती?"
"होती."
"टपरीत तुम्ही चहा करत होतात?"
"हो, मागे वळून."
"टपरीत तुमचा स्वतःचा बल्ब आहे?"
"आहे."
"चहा करताना तो चालू होता?"
"चालू होता."
"व्यापारी तुमच्या टपरीच्या समोरच पडला होता?"
"हो, आठ-दहा फुटांवर."
"त्याच्या डाव्या हातातून रक्त येत होतं, ते तुम्ही पाहिलं?"
"पाहिलं."
"तुम्हीच त्याला रिक्षात बसवलं?"
"मी आणि अजून एकानं."
"आरोपीला तुम्ही आधीपासून ओळखता?"
"रोज चहाला येतो."
"त्या दिवशी सातच्या सुमारास तो तुमच्या टपरीवर चहा प्यायला होता?"
"हो, प्यायला होता."

इथे थांबायचं. वर वर पाहिलं तर काही घडलं नाही. पण आरोपी घटनेच्या अर्धा तास आधी त्याच ठिकाणी होता, साक्षीदार त्याला चांगला ओळखतो, जखमी आठ-दहा फुटांवर पडला होता आणि जखम डाव्या हातालाच होती, हे सगळं साक्षीदाराच्या तोंडून शपथेवर आलं. रस्त्यावरचे दिवे गेल्याचं त्यानं स्वतःहून सांगितलं होतं. पण टपरीत बल्ब चालू होता आणि त्याला आठ-दहा फुटांवरचं रक्त दिसलं, हेही आता नोंदीवर आहे. काळोख होता हे त्याचं म्हणणं त्यानंच कमकुवत केलं.

या टप्प्यावर एक प्रश्न प्रत्येकाच्या जिभेवर येतो: "मग मारलं कोणी?" तो विचारायचा नाही. उत्तर ठरलेलं असतं, "माहीत नाही," आणि ते आपल्याच प्रश्नाला आलेलं असल्यामुळे अधिक ठसतं. "तुम्ही असं का सांगताय?" हाही तसाच. तो विचारला की साक्षीदाराला स्वतःचं म्हणणं सविस्तर मांडायची संधी मिळते.

या भागात जबाबाचा उल्लेखही नको, याला कायद्याचं कारण आहे. तपासात पोलिसांना दिलेला जबाब भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 181 खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 162 खाली, जवळपास निषिद्ध आहे. तो साक्षीदाराला खोडण्यासाठी वापरता येतो, त्याच्या म्हणण्याला आधार देण्यासाठी नाही. "व्यापाऱ्याला मी रिक्षात बसवलं, असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं ना?" हा प्रश्न जबाबाचा आधार म्हणून वापर करतो आणि बचाव पक्षाची हरकत टिकते. "तुम्ही त्याला रिक्षात बसवलं?" या प्रश्नावर हरकत येत नाही. फरक दोन-चार शब्दांचा आहे, आणि परीक्षक नेमका तो ऐकत असतो.

दुसरा भाग: विसंगती नोंदीवर आणणं

आता जबाब उघडायचा. साक्ष्य अधिनियमाचं कलम 148, जुनं 145, सांगतं की साक्षीदाराचं आधीचं लेखी म्हणणं त्याला खोडण्यासाठी वापरायचं असेल, तर त्यातला नेमका भाग त्याच्या नजरेला आणून दिला पाहिजे. संपूर्ण जबाब वाचून "हे सगळं तुम्ही सांगितलं का?" असं विचारणं चालत नाही. कोणतं वाक्य कोणत्या साक्षीच्या विरुद्ध आहे, ते दिसलं पाहिजे.

"पोलिसांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा जबाब नोंदवला?"
"हो, विचारलं होतं."
"जबाबातलं हे वाक्य वाचून दाखवतो, ऐका: 'आरोपीने टेम्पोतून कोयता काढून व्यापाऱ्याच्या डाव्या हातावर मारला, हे मी टपरीतून पाहिले.' असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?"
"नाही. मी असं सांगितलं नव्हतं."

या उत्तराची नोंद साधारण अशी होते: "पोर्शन मार्क 'अ' मला वाचून दाखवला. असा मजकूर मी पोलिसांना सांगितला नव्हता. तो जबाबात का आला याचं कारण मी सांगू शकत नाही." जबाबातल्या त्या वाक्याभोवती कंस करून 'अ' अशी खूण केली जाते. परीक्षेत विद्यार्थ्यानं स्वतः न्यायालयाला विनंती करावी लागते, "हा भाग पोर्शन मार्क 'अ' म्हणून नोंदवावा." विनंती राहिली, तर पुढे या वाक्याचा काही उपयोग होत नाही.

सर्वात जास्त गुण जाण्याची जागा याच भागात आहे. जबाबाचा कागद दाखवून विद्यार्थी विचारतात, "ही सही तुमचीच ना?" पोलिसांना दिलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेऊच नये, असं कलम 181 मध्येच लिहिलं आहे. साक्षीदार "माझी सही नाही" म्हणाला की तो बरोबर असतो, विद्यार्थी मात्र घसरतो. पंचनाम्यावर पंचाची सही असते, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कलम 183 खाली झालेल्या जबाबावर देणाऱ्याची सही असते. तपास अधिकाऱ्यासमोरच्या जबाबावर नसते.

एक गोष्ट अजून उरते. रस्त्यावरचे दिवे गेले होते, हे जबाबात कुठेच नाही. ही ओमिशन, म्हणजे राहून गेलेली बाब. जबाबात जे लिहिलेलंच नाही त्यावर खूण कुठे करणार? म्हणून इथे वाक्य वाचून दाखवायचं नसतं. "दिवे गेले होते, हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का?" एवढंच विचारायचं. तो "सांगितलं होतं, त्यांनी का लिहिलं नाही ते माहीत नाही" म्हणेल. ते तसंच नोंदवून पुढे जायचं. राहून गेलेली प्रत्येक बाब विसंगती ठरत नाही. ती इतकी महत्त्वाची असली पाहिजे, की तिच्यावाचून साक्षीचं चित्रच बदलतं. वार पाहिला की नाही हे प्रकाशावर अवलंबून असल्यामुळे ही बाब त्या कसोटीला उतरू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या तहसीलदार सिंग खटल्यातल्या 1959 च्या निकालात जबाबातला मजकूर आणि राहून गेलेली बाब यांचा विचार बारकाईनं झाला आहे. विद्यार्थ्यांनी या भागासाठी तोच वाचावा.

तिसरा भाग: उलटण्याचं कारण

साक्षीदार का उलटला, यासाठी घटनास्थळाच्या पंचनाम्यातली एक ओळ उपयोगी पडते. टपरी ज्या जागेत आहे ती आरोपीच्या चुलत्याची आहे, असं त्यात आलेलं आहे.

"तुमची टपरी आरोपीच्या चुलत्याच्या जागेत आहे?"
"हो."
"त्याचं भाडं तुम्ही त्यांना देता?"
"देतो."
"जागा जाऊ नये म्हणून तुम्ही आज आरोपीच्या बाजूनं खोटी साक्ष देत आहात."
"हे खरं नाही."

शेवटचा प्रश्न सरकार पक्षाचं म्हणणं साक्षीदारासमोर ठेवतो. त्याच्या नकारानं काही बिघडत नाही, कारण भाडेकरू असल्याचं त्यानं आधीच मान्य केलं आहे. पण असा एक प्रश्न पुरतो. विद्यार्थी पाच-सहा सूचना एकामागून एक फेकतात, "तुम्ही पैसे घेतले," "तुम्हाला धमकी आली." प्रकरणाच्या कागदांत ज्याला काही आधार नाही तो प्रश्न विचारूच नये, हे कायदाही सांगतो. साक्षीदाराची बदनामी होईल असा प्रश्न वाजवी आधाराशिवाय विचारू नये, असं साक्ष्य अधिनियमाच्या कलम 152 मध्ये आहे. आणि प्रश्नातलं विधान हा पुरावा नसतो, उत्तर पुरावा असतो. सहा नकार नोंदले गेले तर नोंदीत सहा नकारच राहतात.

तपास अधिकारी

साक्षीदार पिंजऱ्यातून उतरला की बऱ्याच परीक्षा संपल्यासारख्या वाटतात. विसंगती मात्र अजून सिद्ध झालेली नाही. साक्षीदारानं वाक्य नाकारलं आहे. तो तसं बोलला होता, हे जबाब लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याकडूनच यायचं. व्ही. के. मिश्रा खटल्यात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही रीत टप्प्याटप्प्यानं सांगितली: साक्षीदारानं भाग मान्य केला तर तो तिथेच सिद्ध होतो. त्यानं नाकारला तर विसंगती फक्त नोंदीवर येते आणि नंतर तपास अधिकाऱ्याचं लक्ष त्याच भागाकडे वेधून ती सिद्ध करावी लागते.

म्हणून परीक्षेच्या आखणीत तपास अधिकाऱ्याची भूमिका करणारा कोणीतरी हवा. त्याला दोन प्रश्न पुरतात. "टपरीवाल्याचा जबाब तुम्ही त्याच्या सांगण्याप्रमाणे लिहून घेतला?" आणि "पोर्शन मार्क 'अ' मधला मजकूर त्यानं तुम्हाला सांगितला होता?" दोन्हीला हो आलं की त्या भागाला निशाणी क्रमांक द्यावा, अशी विनंती करायची. राहून गेलेल्या बाबीसाठी प्रश्न उलट असतो: "दिवे गेल्याचं त्यानं तुम्हाला सांगितलं होतं का?" "नाही."

अधिकाऱ्याला "जबाब बरोबर आहे ना?" असा मोघम प्रश्न विचारणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. त्यातून पोर्शन 'अ' सिद्ध होत नाही, कारण नेमका कोणता मजकूर, हे आलेलंच नसतं. कधीकधी प्रत्यक्ष खटल्यातही असंच राहून जातं आणि मग युक्तिवादाच्या वेळी कागद हातात असूनही तो वाचता येत नाही.

सिद्ध झालेल्या वाक्याचं मोल

आता सर्वात अवघड गोष्ट. पोर्शन 'अ' सिद्ध झाला. मग आरोपीनं कोयत्यानं मारलं, हे सिद्ध झालं का? नाही. टपरीवाल्यानं पोलिसांना तसं सांगितलं होतं आणि आज तो वेगळं सांगतो आहे, एवढंच सिद्ध झालं. ते वाक्य त्याची आजची साक्ष खोडतं, पण आजच्या साक्षीची जागा घेऊ शकत नाही. अंतिम युक्तिवादात "टपरीवाल्यानं पोलिसांना सांगितलं होतं की आरोपीनं मारलं, म्हणून आरोपी दोषी आहे" असं वाक्य आलं, तर वरचा सगळा उलटतपास नीट घेऊनही विद्यार्थ्याला विषय कळला नाही, असं ठरतं.

हाच जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झाला असता, तर कलम 181 ची बंदी लागली नसती. तो साक्षीदाराच्या म्हणण्याला आधार म्हणूनही वापरता आला असता. तरीही आरोपीनं मारल्याचा स्वतंत्र पुरावा तो ठरला नसता.

मग इतक्या खटाटोपाचा उपयोग काय? उपयोग पहिल्या भागात आहे, जो जबाब बंद ठेवून घेतला होता. साक्षीदार फितूर झाला की त्याची साक्ष पुसून टाकली जाते, असा समज न्यायालयाच्या आवारातही ऐकू येतो. सत पॉल विरुद्ध दिल्ली प्रशासन या 1975 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तो मोडून काढला. परवानगी घेऊन उलटतपास झालेल्या साक्षीदाराची साक्ष आपोआप बाद होत नाही. तिचा विश्वासार्ह भाग न्यायालय सावधपणे, इतर पुराव्याशी ताडून स्वीकारू शकतं.

आपल्या प्रकरणात तो भाग असा मांडता येतो. जखमी व्यापाऱ्यानं स्वतः सांगितलं आहे की वार आरोपीनं केला. डाव्या हाताचं हाड मोडल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र त्याला दुजोरा देतं. टपरीवाला वार पाहिल्याचं नाकारत असला तरी आरोपी अर्धा तास आधी तिथेच होता, व्यापारी टपरीसमोर पडला होता आणि रक्त डाव्या हातातून येत होतं, हे तो मान्य करतो. हे सगळं व्यापाऱ्याच्या साक्षीशी जुळतं. वार पाहिला नाही आणि काळोख होता, एवढाच भाग जुळत नाही. आणि तो भाग पोर्शन 'अ'नं, जबाबात दिव्यांचा उल्लेख नसल्यानं, टपरीतल्या बल्बनं आणि भाड्याच्या जागेनं डळमळीत झालेला आहे.

सराव मांडताना

प्रात्यक्षिकात साक्षीदाराची भूमिका करणाऱ्याला काय सांगून पाठवायचं, यावर बरंच अवलंबून असतं. तो सगळ्यालाच "माहीत नाही" म्हणू लागला, तर विद्यार्थ्याला मिळवण्यासारखं काही उरत नाही. तो सरळ कबूल करून बसला, तर परीक्षाच होत नाही. म्हणून त्याला लेखी सूचना द्याव्या लागतात: कोणत्या गोष्टी मान्य करायच्या, कोणत्या नाकारायच्या, खुला प्रश्न आला तर किती लांब बोलायचं. या शेवटच्या सूचनेचा फायदा असा की "असं का सांगताय?" विचारणाऱ्या विद्यार्थ्याला त्याची किंमत जागच्या जागी कळते.

बचाव पक्षाच्या विद्यार्थ्यालाही वाव ठेवावा. सरकार पक्षाचा उलटतपास संपल्यावर त्याला या साक्षीदाराला प्रश्न विचारायचे असतात, आणि साक्षीदार आता त्याच्याच बाजूला झुकलेला असतो. पाठमोरा असल्याचं आणि गर्दीचं म्हणणं तो पक्कं करून घेईल. सरकारी बाजूनं आधीच बल्ब आणि अंतर नोंदवून ठेवलं असेल, तर त्याला त्यावर फार काही करता येत नाही.

तोंडी परीक्षेत परीक्षक शेवटी एकच प्रश्न विचारतात: या साक्षीदारानं साथ सोडल्यावर तुमच्याकडे काय राहिलं? पोर्शन 'अ'वर बोट ठेवणाऱ्याचे गुण तिथे जातात. आरोपीची हजेरी, अंतर, बल्ब आणि डावा हात असं मोजून सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न येतो: मग पोर्शन 'अ' कशासाठी? "वार पाहिला नाही या त्याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नये म्हणून" एवढं उत्तर आलं, की परीक्षक कागद बाजूला ठेवतात आणि बचाव पक्षाकडे वळतात.